कोव्हेरिअन्स आणि सहसंबंध गुणांक हाताने काढताना नेमकं कुठे चुकतं, आणि त्या उत्तराचं एकक काय असतं

परवा एका मुलीने वही दाखवली, सहसंबंध गुणांक १.०७. सगळी बेरीज बरोबर, गुणाकार बरोबर, चिन्हं बरोबर, आणि तरी उत्तर १.०७, जे येऊच शकत नाही कारण हा गुणांक −१ आणि +१ च्या बाहेर जातच नाही. तिने अर्धा तास बेरजा तपासल्या होत्या बिचारीने. चूक बेरजेत नव्हतीच, चूक होती की एका ठिकाणी ५ ने भागलं आणि दुसऱ्या ठिकाणी ६ ने. हीच चूक मी इतक्या वह्यांमध्ये बघितली आहे की म्हटलं एकदा सगळं ओळीने लिहून काढावं, कुठल्या क्रमाने करायचं, कुठे थांबून तपासायचं, आणि मुख्य म्हणजे शेवटी येणारा आकडा कशात मोजलेला असतो. कारण एकक विचारलं की निम्मे लोक गप्प बसतात आणि उरलेले "काही नसतं हो त्याला" म्हणतात, जे सहसंबंध गुणांकाला लागू आहे पण कोव्हेरिअन्सला अजिबात नाही.

## उदाहरण आणि तयारी

उदाहरण रसवंतीचं घेऊ. सहा दिवस, रोजचं कमाल तापमान आणि त्या दिवशी विकले गेलेले उसाच्या रसाचे ग्लास. आकडे मी हिशोबाला बरे पडावेत म्हणून जुळवलेत, सरासरी पूर्णांकात यावी एवढाच हेतू.

| वार | तापमान x (°से.) | ग्लास y |
|---|---|---|
| सोम | ३४ | ५७ |
| मंगळ | ३६ | ६३ |
| बुध | ३१ | ४८ |
| गुरु | ३९ | ८६ |
| शुक्र | ३३ | ६६ |
| शनि | ३७ | ७० |

कागद आडवा धरा. आठ रकाने आखा: वार, x, y, x चं विचलन, y चं विचलन, दोघांचा गुणाकार, x विचलनाचा वर्ग, y विचलनाचा वर्ग. खाली बेरजेसाठी एक ओळ मोकळी सोडा. रकाने आधीच आखून ठेवा असं मी मुद्दाम सांगतोय, कारण जे लोक मिळेल त्या जागेत कडेला आकडेमोड करतात त्यांचं उणे चिन्ह हमखास हरवतं आणि मग ते कुठे हरवलं ते सापडतही नाही.

आणि रकान्याच्या डोक्यावर एकक लिहा. x च्या वर °से., y च्या वर ग्लास. आत्ता फालतू वाटेल, पुढे कामाला येईल.

## १. जोड्या फोडायच्या नाहीत

सोमवारचे ३४ आणि सोमवारचेच ५७ ही एक जोडी आहे. ओळी वरखाली केल्या तर चालतात, शनिवार आधी लिहा, बुधवार नंतर लिहा, उत्तर तेच येणार. पण ओळ फुटली की संपलं.

फुटते कशी? बहुतेक वेळा माणूस नीटनेटकेपणाच्या नादात दोन्ही रकाने वेगवेगळे चढत्या क्रमाने लावतो, मध्यक काढताना लावायची सवय असते ना ती इथे आडवी येते. x झाले ३१, ३३, ३४, ३६, ३७, ३९ आणि y झाले ४८, ५७, ६३, ६६, ७०, ८६. आता ३३ अंशाच्या शुक्रवारी ६६ ग्लास गेले होते त्याच्यासमोर ५७ येऊन बसले, म्हणजे हा दिवस कधी उगवलाच नव्हता. आणि गंमत अशी की या चुकीचं उत्तर जास्त छान दिसतं, खरा गुणांक ०.८९ आहे तर असं केल्यावर ०.९७ येतो. त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही.

तपासणी: पुढे जायच्या आधी कुठल्याही दोन ओळींवर बोट ठेवून मूळ वहीशी ताडून बघा. दोनच पुरेत.

## २. सरासरी

x ची बेरीज २१०, भागिले ६, सरासरी ३५ °से.
y ची बेरीज ३९०, भागिले ६, सरासरी ६५ ग्लास.

इथे नेहमी ६ नेच, म्हणजे जोड्यांच्या संख्येने, n ने, भागायचं. ५ ने भागायचा प्रश्न पुढे येणार आहे पण तो सरासरीसाठी नाही, काही जण "सॅम्पल आहे म्हणून n − १" हे इतकं पाठ करून येतात की सरासरीलाही तेच लावतात.

सरासरीला एकक असतं आणि ते मूळ मोजमापाचंच असतं.

## ३. विचलन काढा, चिन्हासकट

प्रत्येक आकड्यातून त्याच्या रकान्याची सरासरी वजा करायची. आकडा वजा सरासरी, कायम याच क्रमाने. एका रकान्यात आकडा वजा सरासरी आणि दुसऱ्यात सरासरी वजा आकडा असं झालं तर उत्तराचं चिन्ह उलटं होतं आणि ऊन वाढलं की रस कमी खपतो असा निष्कर्ष निघतो.

| वार | x विचलन (°से.) | y विचलन (ग्लास) |
|---|---|---|
| सोम | −१ | −८ |
| मंगळ | +१ | −२ |
| बुध | −४ | −१७ |
| गुरु | +४ | +२१ |
| शुक्र | −२ | +१ |
| शनि | +२ | +५ |

अधिक असेल तिथेही + लिहा, मोकळं सोडू नका. मोकळं सोडलं की नंतर आपल्यालाच कळत नाही की इथे अधिक होतं की उणे लिहायचं राहिलं.

तपासणी: दोन्ही रकान्यांची बेरीज शून्य आलीच पाहिजे. x मध्ये −७ आणि +७. y मध्ये −२७ आणि +२७. शून्य येत नसेल तर पुढे जाऊ नका, सरासरी चुकली आहे किंवा एखादी वजाबाकी. या एका तपासणीने माझ्या अंदाजाने निम्म्या चुका इथेच पकडल्या जातात आणि तरी लोक ती करत नाहीत, घाई असते.

## ४. गुणाकाराचा रकाना

आता प्रत्येक ओळीत x विचलन गुणिले y विचलन.

| वार | गुणाकार (°से. × ग्लास) |
|---|---|
| सोम | +८ |
| मंगळ | −२ |
| बुध | +६८ |
| गुरु | +८४ |
| शुक्र | −२ |
| शनि | +१० |
| बेरीज | +१६६ |

उणे उणे अधिक हे सगळ्यांना येतं, तरी चूक होते ती अशी की मंगळवार आणि शुक्रवारचं उणे चिन्ह बेरजेत घ्यायचं राहतं आणि १६६ च्या जागी १७४ येतात. फरक आठचाच, म्हणून उत्तर वेडंवाकडं दिसत नाही, गुणांक ०.८९ चा ०.९४ होतो आणि वही तशीच पुढे जाते. म्हणून अधिकचे वेगळे जोडा (१७०), उणेचे वेगळे जोडा (४), मग वजा करा.

दुसरी एक चूक म्हणजे ओळीओळीने गुणायच्या ऐवजी दोन रकान्यांच्या बेरजा गुणणं. शून्य गुणिले शून्य, उत्तर शून्य. हे केलेलं असेल तर लगेच कळतं तरी.

या रकान्याकडे नुसतं बघायला एक मिनिट द्या, कारण सगळा मजकूर इथे आहे. बुधवारी थंड होतं आणि रस कमी खपला, दोन्ही उणे, म्हणून गुणाकार अधिक. गुरुवारी उकाडा होता आणि रस भरपूर खपला, दोन्ही अधिक, परत गुणाकार अधिक. शुक्रवारी सरासरीपेक्षा दोन अंश गार असूनही एक ग्लास जास्तच गेला, म्हणून तो दिवस उलट्या बाजूने ओढतोय, पण ओढतोय किती, तर फक्त २. आणि हे बघा, १६६ पैकी १५२ नुसते बुधवार आणि गुरुवारचे आहेत. सहा दिवसांचा हिशोब म्हणतोय खरा पण बोलतायत दोनच दिवस.

## ५. कोव्हेरिअन्स, म्हणजे भागायचं कशाने

```
n − १ ने :  १६६ ÷ ५ = ३३.२
n ने     :  १६६ ÷ ६ = २७.६७
```

दोन्ही बरोबर असू शकतात. हे सहा दिवस म्हणजेच तुमचा पूर्ण विषय असेल, त्या सहा दिवसांबद्दलच बोलायचंय, तर ६ ने. हे सहा दिवस अख्ख्या उन्हाळ्याचा नमुना म्हणून घेतले असतील आणि उन्हाळ्याबद्दल अंदाज करायचाय तर ५ ने, कारण खरी सरासरी माहीत नसताना आपण त्याच सहा आकड्यांमधून सरासरी काढली, आणि विचलनांची बेरीज शून्य असल्यामुळे पाच विचलनं कळली की सहावं आपोआप ठरतं, ते मोकळं राहत नाही. कॉलेजच्या बऱ्याच पुस्तकांत सरळ n ने भागलेलं असतं, तिथे परीक्षेला तेच करा, वाद घालत बसू नका.

कॉम्प्युटरवर ताडून बघायचं असेल तर एक्सेलमध्ये दोन वेगळी फंक्शन्स आहेत:

```
=COVARIANCE.S(B2:B7,C2:C7)
=COVARIANCE.P(B2:B7,C2:C7)
```

पहिलं n − १ ने भागतं, ३३.२ देईल. दुसरं n ने, २७.६७ देईल. हाताचं उत्तर जुळलं नाही म्हणून पानभर खोडण्याआधी हे दुसरं फंक्शन लावून बघा. जुने `COVAR` दिसलं तर ते n ने भागतं.

मी पुढे ५ ने भागलेलं धरतोय. एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच, वहीच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहून ठेवा "÷५".

## ६. हे ३३.२ म्हणजे काय?

३३.२ टक्के नाही. ३३.२ ग्लासही नाही. ३३.२ °से.·ग्लास, म्हणजे अंश गुणिले ग्लास.

ऐकायला विचित्र वाटतं, मान्य. डोळ्यासमोर आणायचं असेल तर आलेख कागदावर सहा ठिपके काढा, आडवं तापमान, उभे ग्लास. मग ३५ वर एक उभी रेघ आणि ६५ वर एक आडवी रेघ मारा. कागदाचे चार भाग झाले. आता गुरुवारचा ठिपका घ्या, उभ्या रेघेपासून ४ अंश लांब, आडव्या रेघेपासून २१ ग्लास लांब, तिथे एक आयत तयार होतो, क्षेत्रफळ ८४. आयताची एक बाजू अंशात आणि दुसरी ग्लासात, तर क्षेत्रफळ अंश·ग्लास मध्ये येणार ना, दुसरं कशात येणार? वर उजवीकडचे आणि खाली डावीकडचे आयत अधिक, उरलेल्या दोन भागांतले उणे. कोव्हेरिअन्स म्हणजे या आयतांची जमाखर्च करून काढलेली सरासरी (आपण ५ ने भागलंय म्हणून अगदी सरासरी नाही, जरा मोठी, पण कल्पना तीच).

याचा परिणाम असा की ३३.२ मोठा की लहान, हे नुसतं बघून सांगताच येत नाही. जसं एखादा म्हणाला "माझ्या जमिनीचं क्षेत्रफळ ४०", तर तुम्ही आधी विचारणार गुंठे की एकर. इथेही तेच. कोव्हेरिअन्सवरून एकच गोष्ट थेट वाचता येते, ती म्हणजे चिन्ह. अधिक आहे, म्हणजे दोघं साधारण एकाच दिशेला सरकतात.

## ७. दोन्ही प्रमाण विचलनं, त्याच भाजकाने

उरलेले दोन रकाने आता भरा, विचलनांचे वर्ग.

x चे वर्ग ओळीने: १, १, १६, १६, ४, ४. बेरीज ४२.
y चे वर्ग ओळीने: ६४, ४, २८९, ४४१, १, २५. बेरीज ८२४.

तपासणी: या रकान्यांत एकही उणे नको. दिसलं तर कॅल्क्युलेटरवर −४² असं कंसाशिवाय टाकलं असेल, तो −१६ दाखवतो. (−४)² असं टाका, किंवा इतके लहान आकडे आहेत तर तोंडीच करा.

```
x :  ४२ ÷ ५ = ८.४       →  √८.४   = २.८९८ °से.
y :  ८२४ ÷ ५ = १६४.८    →  √१६४.८ = १२.८३७ ग्लास
```

वर्गमूळ काढायच्या आधीचे ८.४ हे °से.² मध्ये आहेत. वर्गमूळ काढलं की परत °से. होतात. एककाकडे लक्ष ठेवणाऱ्याचं वर्गमूळ कधी राहून जात नाही, कारण पुढच्या पायरीत एककं छाटली गेली नाहीत की लगेच खटकतं.

## ८. सहसंबंध गुणांक

```
r = कोव्हेरिअन्स ÷ (x चं प्रमाण विचलन × y चं प्रमाण विचलन)

  = ३३.२ °से.·ग्लास ÷ (२.८९८ °से. × १२.८३७ ग्लास)

  = ३३.२ ÷ ३७.२१

  = ०.८९
```

वर °से.·ग्लास, खाली °से. गुणिले ग्लास. दोन्ही उडाले, उरला नुसता आकडा. r ला एकक नाही ते असं, कुणी ठरवून काढून टाकलंय म्हणून नाही.

आता सुरुवातीच्या त्या १.०७ कडे या. तिने कोव्हेरिअन्स ५ ने भागून ३३.२ काढला, आणि प्रमाण विचलनं कॅल्क्युलेटरच्या स्टॅट मोडमधून घेतली. तिथे दोन प्रकारची असतात, σx म्हणजे n ने भागलेलं आणि sx म्हणजे n − १ ने. तिने σ वाली उचलली, २.६४६ आणि ११.७१९, गुणाकार ३१.०१. आणि ३३.२ ÷ ३१.०१ = १.०७.

ती खरं तर नशीबवान होती. उलटी चूक झाली असती, म्हणजे कोव्हेरिअन्स ६ ने भागलेला २७.६७ आणि प्रमाण विचलनं ५ ने भागलेली, तर २७.६७ ÷ ३७.२१ = ०.७४ आलं असतं, आणि ०.७४ कडे बघून कुणालाही काहीही वाटत नाही, सभ्य दिसणारा आकडा आहे. म्हणजे ही चूक एका बाजूने झाली तर कधीकधी ओरडते, दुसऱ्या बाजूने झाली तर गप्प बसते. पायथन वापरणाऱ्यांनो तुम्हीही जपून, तिथे नमपायचं `np.cov` आपणहून n − १ ने भागतं आणि `np.std` आपणहून n ने, दोन्ही एकत्र वापरले की हाच घोळ.

यातून कायमचं सुटायचं असेल तर भागूच नका. r मध्ये वरचा आणि खालचा भाजक एकच असेल तर तो कटतो, मग आधीपासूनच बेरजा वापरा:

```
r = १६६ ÷ √(४२ × ८२४)
  = १६६ ÷ √३४६०८
  = १६६ ÷ १८६.०३
  = ०.८९
```

मी स्वतः हाताने करताना हेच करतो, आणि पहिल्या पद्धतीने आलेलं उत्तर याच्याशी ताडतो. जुळलं नाही तर भाजकात किंवा वर्गमुळात घोळ आहे हे नक्की, दुसरीकडे शोधायला जायचं नाही.

तपासणी: एक, r −१ ते +१ मध्ये आहे का. दोन, r चं चिन्ह गुणाकाराच्या बेरजेच्या चिन्हासारखंच आहे का, कारण खालची दोन्ही प्रमाण विचलनं कधीच उणे नसतात. तीन, ठिपक्यांचं चित्र बघून पटतंय का.

एक विचित्र प्रसंग सांगून ठेवतो. समजा सहाही दिवस तापमान ३५ च होतं. मग x ची सगळी विचलनं शून्य, ४२ च्या जागी शून्य, आणि शून्याने भागायची वेळ येते. अशा वेळी "r = ०" लिहू नका. r काढताच येत नाही असं लिहा. तापमान बदललंच नाही तर बदलाबरोबर रसाचं काय होतं हे विचारायलाच जागा नाही.

## ९. एकक बदलून बघा, मग खरं डोक्यात बसतं

वाचून एकक समजत नाही, बदलून समजतं. म्हणून हे एकदा हाताने कराच.

पहिला प्रयोग, तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या. ३४ चे ९३.२, ३६ चे ९६.८, ३१ चे ८७.८, ३९ चे १०२.२, ३३ चे ९१.४, ३७ चे ९८.६. सरासरी ९५. विचलनं −१.८, +१.८, −७.२, +७.२, −३.६, +३.६. म्हणजे जुन्या विचलनांची १.८ पट, आणि सूत्रातले ते अधिक ३२ कुठे गेले? सरासरीतही ३२ होते आणि आकड्यातही, वजाबाकीत उडाले. गुणाकारांची बेरीज आता २९८.८, भागिले ५, कोव्हेरिअन्स ५९.७६ °फॅ.·ग्लास.

त्याच गल्लीत, त्याच सहा दिवशी, तेवढाच रस खपला, आणि कोव्हेरिअन्स ३३.२ चा ५९.७६ झाला. रसवंतीवाल्याला सांगाल तर तो हसेल.

दुसरा प्रयोग, ग्लासांच्या ऐवजी गल्ला घ्या. ग्लास २० रुपयांना धरला तर y ची सगळी विचलनं २० पट, कोव्हेरिअन्स ३३.२ × २० = ६६४ °से.·रुपये. पैशात घेतलं तर ६६,४००. आता कुणी अहवालात लिहिलं "तापमान आणि ग्लास यांचा कोव्हेरिअन्स फक्त ३३, पण तापमान आणि उत्पन्न यांचा ६६४, म्हणजे उत्पन्नाशी नातं जास्त घट्ट", तर ते वाक्य निव्वळ रुपयांचा खेळ आहे. हे असं वाक्य मी खरोखर छापलेलं बघितलंय, कुठे ते सोडा.

आणि r? प्रत्येक वेळी ०.८९. फॅरनहाइटमध्ये कोव्हेरिअन्स १.८ पट झाला तसं तापमानाचं प्रमाण विचलनही १.८ पट झालं, भागाकारात कटलं. एकच अपवाद, उणे संख्येने गुणलं तर चिन्ह उलटतं. म्हणजे विकलेल्या ग्लासांऐवजी "१०० मधले उरलेले ग्लास" घेतले तर r = −०.८९.

पण r ला एकक नाही म्हणून त्याला काहीही म्हणू नका. ०.८९ म्हणजे ८९ टक्के नाही. आणि "एक अंश वाढला की ०.८९ ग्लास वाढतात" असंही नाही, ही तर फारच आवडती चूक. एका अंशामागे किती ग्लास हे हवं असेल तर एकक हवं ग्लास प्रति अंश, आणि एकक नसलेल्या आकड्यातून ते कुठून येणार? त्यासाठी कोव्हेरिअन्सला x च्या वर्गातल्या फैलावाने, म्हणजे वर्गमूळ काढायच्या आधीच्या त्या ८.४ ने भागा:

```
३३.२ °से.·ग्लास ÷ ८.४ °से.²  =  ३.९५ ग्लास प्रति °से.
```

एकक बरोबर आलं, म्हणजे भागाकार बरोबर आकड्याने केलाय. एक अंश वाढला की साधारण चार ग्लास जास्त, रसवंतीवाल्याला उपयोगाचा आकडा हा आहे, बाकीचे आपल्या वहीतले.

## १०. सरासरी अपूर्णांकात आली तर, आणि सातवा दिवस

आता रविवार जोडू. तापमान ३८, ग्लास ३०.

x ची बेरीज २४८, भागिले ७, सरासरी ३५.४२८५७ आणि पुढे चालूच. y ची सरासरी बरोबर ६०. इथे लोक घाबरतात आणि ३५.४ धरतात. धरायला हरकत नाही, पण पुढची पद्धत कुठली यावर सगळं अवलंबून आहे.

शॉर्टकट सूत्र वापरणारे करतात असं: सगळ्या xy ची बेरीज १४९५६, त्यातून ७ × ३५.४ × ६० म्हणजे १४८६८ वजा, उरले ८८. खरं उत्तर आहे ७६. फक्त ०.०३ सोडून दिले आणि १२ ची चूक आली, कारण दोन प्रचंड आकडे एकमेकांतून वजा होतात आणि बारीकशी चूक ७ आणि ६० ने गुणली जाऊन आत येते. शॉर्टकटच वापरायचा असेल तर सरासरी लिहूच नका, बेरजा वापरा: १४९५६ − (२४८ × ४२०) ÷ ७ = १४९५६ − १४८८० = ७६.

विचलनाच्या पद्धतीत मात्र ३५.४ धरून केलं तरी गुणाकारांची बेरीज ७६ च येते, करून बघा, अगदी दशांशापर्यंत. कारण y ची विचलनं अचूक आहेत आणि त्यांची बेरीज शून्य आहे, त्यामुळे x मधली सगळीकडे सारखी असलेली चूक त्या शून्याने गुणली जाऊन जाते. म्हणून हाताने करताना मी लांबची पद्धत सांगतो, ती तुमची चूक पोटात घालते. फक्त विचलनांच्या तपासणीत x ची बेरीज शून्याऐवजी ०.२ येईल, तेवढं चालवून घ्या.

वर्गांच्या बेरजा आता ४९.७१ आणि १८७४.

```
r = ७६ ÷ √(४९.७१ × १८७४) = ७६ ÷ ३०५.२ = ०.२५
```

०.८९ चा ०.२५. एका दिवसाने. कोव्हेरिअन्सही ७६ ÷ ६ = १२.६७ वर आला. आकडेमोडीत काहीही चुकलेलं नाही, गुणाकाराच्या रकान्यात बघा, रविवारच्या ओळीत +२.५७ × −३० म्हणजे जवळपास −७७ बसलेत, बाकी सगळ्यांनी जमवलेलं एकट्याने अर्धं खाल्लं.

आता हा दिवस ठेवायचा की काढायचा? "बसत नाही म्हणून काढला" हे चालणार नाही, तसं केलं तर मग कुठलाही r आणता येतो. वहीत मागे जाऊन बघायचं. समजा वहीत शेजारीच लिहिलंय की रविवारी दुपारी एकला चरक बंद पडला आणि दुकान लावून टाकलं. मग प्रश्न r चा नाहीच, एककाचा आहे. बाकीच्या सहा ओळींत y म्हणजे पूर्ण दिवसाचे ग्लास आणि या ओळीत y म्हणजे एक वाजेपर्यंतचे ग्लास. रकान्याच्या डोक्यावर सुरुवातीला नुसतं "ग्लास" लिहिलं होतं, तिथे "पूर्ण दिवसाचे ग्लास" असं लिहायला हवं होतं, मग हा ३० त्या रकान्यात शिरलाच नसता. अशा वेळी ओळ काढा आणि काढल्याचं कारणासकट खाली लिहा. आणि वहीत असं काहीच लिहिलेलं नसेल, चरक दिवसभर चालू होता आणि तरी तीसच गेले, तर ओळ राहते आणि r ०.२५ च राहतो.